आग विम्यात अ‍ॅव्हरेज क्लॉज

"३ लाख ६० हजारांचा माल जळाला, पॉलिसी ३ लाखांची, मग ३ लाख तरी पूर्ण का नाही?"

कारण जळालेला नाही, आगीच्या दिवशी दुकानात होता तो सगळा माल बघतात. तुमचा ओपनिंग स्टॉक ५ लाख, खरेदी १५ लाख, विक्री २० लाख, मागच्या वर्षांचा ग्रॉस प्रॉफिट विक्रीवर २० टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत १६ लाख आणि उरला ४ लाखांचा माल. पॉलिसी त्याच्या पाऊण हिश्श्याचीच, म्हणून अ‍ॅव्हरेज क्लॉजप्रमाणे नुकसानीची भरपाईही पाऊणच, २ लाख ७० हजार.

पण या हिशोबात एक गोष्ट राहून जाते, जुना पडून राहिलेला माल. आमच्या कापड दुकानात दिवाळीनंतर दीड लाखाला घेतलेल्या साड्या १ लाखात काढल्या होत्या आणि पुढे आग लागली, तेव्हा सर्व्हेयरने त्या विक्रीतून वेगळ्या केल्या आणि उरलेल्या विक्रीलाच ग्रॉस प्रॉफिटचा नेहमीचा दर लावला. तसं केलं नसतं तर त्या साड्यांची किंमत ८० हजारच धरली गेली असती आणि स्टॉक ७० हजारांनी फुगला असता. बिलं दाखवता आली म्हणून वाद झाला नाही, तुमच्याकडेही असा सेल झाला असेल तर ती बिलं आधी शोधा.