मदत हवी आहे: जपानी मोजशब्दांत ३ आणि ४ वेगळे का वागतात?

जपानीत पेन्सिल, छत्री अशा लांबट वस्तू मोजताना आकड्याला 'होन' जोडतात. कागदासारख्या सपाट वस्तूंचा 'माई' सोपा आहे, कुठल्याही आकड्यापुढे बदलत नाही. 'होन' मात्र बदलतो: १ इप्पोन, २ निहोन, ३ सानबोन, ६ रोप्पोन. इथवर पाठ झालंय.

अडतंय ते ४ वर. 'सान' आणि 'योन' दोन्ही 'न'ने संपतात, मग सानबोन पण योनहोन कसं? 'योन' मूळचा जपानी आणि 'सान' चिनीतून आलेला, हे कारण असावं असं वाटत होतं. पण मिनिटं मोजताना सानपुन आणि योनपुन, दोन्हीकडे 'प'च! मग ते कारण पुरेसं कसं ठरेल?

यामागे ध्वनिबदलाचा काही नियम आहे, की प्रत्येक मोजशब्दाची ३ आणि ४ची रूपं स्वतंत्रच पाठ करायची? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.