मदत हवी आहे: फळा, वर्ग आणि टेबलावरची टिपणं, तिन्हींसाठी कोणत्या काचा घ्याव्यात?

रेखावृत्त

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ५०. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना -१.२५, जवळचं ॲडिशन +२.००, सिलेंडर नाही. सध्या बायफोकल आहे, खाली छोटी खिडकी असलेला.

वह्या तपासायला बसले की अक्षर स्वच्छ दिसतं. शेवटच्या बाकावरची मुलंही नीट दिसतात. अडतं ते नेमकं शिकवताना. टिपणं टेबलावर असतात आणि मी उभी असते. खिडकीतून बघितलं तरी अक्षर धूसर, वरच्या काचेतून बघितलं तरी धूसर. मग दर उदाहरणाला वाकून वाचावं लागतं. फळ्यावर लिहितानाही खडूच्या टोकापाशी स्पष्ट दिसत नाही, म्हणून हनुवटी वर करून खिडकीतून बघते. दुपारपर्यंत मान धरते.

डोळे नुकतेच तपासले, नंबर बदललेला नाही. दुकानात प्रोग्रेसिव्ह सुचवला आहे. तो घ्यावा की दुसरं काही आहे? दिवसभर शिकवणाऱ्यांनी अनुभव सांगा.

सागरगोटा

ताई, सरळ प्रोग्रेसिव्ह घ्या. लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकाच काचेत येतं. सुरुवातीला जमीन हलल्यासारखी वाटते, पंधरा दिवसांत सवय होते. फक्त काच चांगल्या दर्जाची घ्या, स्वस्तातल्या काचेत बाजूचं फार वाकडं दिसतं.

निळीशाई

स्क्रीनसमोर फार वेळ जात असेल तर निळा प्रकाश अडवणारं कोटिंग नक्की घ्या. मला डोळे चुरचुरायचे, आता बरं आहे.

रेखावृत्त

निळीशाई, माझ्या वर्गात स्क्रीन नाही, खडू-फळाच आहे. डोळे चुरचुरत नाहीत, अक्षर धूसर दिसतं.

दृक्_साधक

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ताई, काच ठरवण्याआधी घरातली मोजपट्टी वर्गात न्या आणि चार अंतरं मोजा. नेहमी उभ्या राहता तशाच उभ्या राहून डोळ्यापासून टिपणाच्या कागदापर्यंत, लिहिताना डोळ्यापासून खडूच्या टोकापर्यंत, पहिल्या बाकापर्यंत आणि शेवटच्या बाकापर्यंत. दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, स्वतः मोजायला गेलं की माणूस नकळत वाकतो.

दुकानात जवळचा नंबर काढतात तो बहुतेक ४० सेंमीवर, हातात पुस्तक धरून. तुमचं शिकवणं त्या अंतरावर होतच नसणार असा माझा अंदाज आहे.

रेखावृत्त

आज सहकारी बाईंनी मोजून दिलं. टिपणं ६५ सेंमी. खडू साधारण ५५. पहिला बाक २ मीटर, शेवटचा ७ मीटर. टिपणं इतकी लांब असतील असं वाटलं नव्हतं!

दृक्_साधक

आता हिशेब बघा, तुम्ही गणिताच्या म्हणून आकड्यांतच सांगतो. १०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतरावर बघायला किती ताकद लागते ते कळतं. ४० सेंमीला २.५ लागते. काच २ देते, उरलेला अर्धा तुमचा डोळा स्वतः देतो. तेवढा तो दिवसभर न थकता देऊ शकेल असं धरू.

टिपणांना ६५ सेंमीवर १.५ लागते. वरच्या काचेतून बघितलं तर सगळा भार डोळ्यावर येतो आणि त्याच्याकडे आहे अर्धा, म्हणून धूसर. खिडकीत उलटा प्रकार होतो. तिथली ताकद २, म्हणजे ५० सेंमीच्या पलीकडचं तिच्यातून स्पष्ट दिसूच शकत नाही. ताकद कमी पडली तर डोळा थोडी भर घालतो, जास्त झाली तर ती कमी करणं त्याच्या हातात नसतं. तुमची टिपणं या दोन काचांच्या मधल्या फटीत पडली आहेत. तपासणीत खोट नाही, ती वह्यांसाठी बरोबरच होती.

एक करून बघा. उद्या टेबलापाशी नेहमीसारख्या उभ्या राहा, चष्मा काढा आणि टिपण वाचा. मग तसंच फळ्यावर एक ओळ लिहा. काय दिसतं ते सांगा, त्यावर पुढचं ठरेल.

माळावरचा_वड

निवृत्त शिक्षक. माझी अडचण हीच होती, पण माझा नंबर अधिकचा आहे, +१.७५. चष्मा काढला तर लांबचं-जवळचं दोन्ही जातं. त्यामुळे हा प्रयोग सगळ्यांना लागू नाही.

मी नवी काच केलीच नाही. टेबलावर उतरती लाकडी घडवंची ठेवली आणि टिपणं तिच्यावर. कागद वीतभर वर आला आणि जुन्याच बायफोकलमधून वाचता येऊ लागलं. शिवाय टिपणं मोठ्या अक्षरात लिहायची सवय लावून घेतली.

दृक्_साधक

सरांचं म्हणणं अगदी पटलं. कागद ६५ वरून ५० सेंमीवर आला की तो ताईंच्या खिडकीच्या पल्ल्यात येतो. काचेआधी हे करून बघण्यासारखं आहे. फळ्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही.

कीबोर्डकर

ऑफिस लेन्स कोणीच कशी सुचवली नाही? मी वापरतो. मधला भाग ऐसपैस असतो, प्रोग्रेसिव्हसारखी अरुंद पट्टी शोधावी लागत नाही. ६५ सेंमी हे तर तिचं हक्काचं अंतर. मान दुखायची पूर्ण थांबली.

दृक्_साधक

अंतराचं बरोबर आहे, टिपणांना ती उत्तम. पण तिच्या वरच्या भागातही थोडा जवळचा नंबर शिल्लक ठेवलेला असतो, मधला भाग रुंद होतो तो त्याच्याच बदल्यात. समजा वर अर्धा नंबर शिल्लक आहे, तर २ मीटरच्या पुढचं सगळं जरा मऊ दिसेल. ताईंचा पहिला बाकच तिथे सुरू होतो. ४ मीटरपर्यंतची, म्हणजे वर पाव नंबरच शिल्लक ठेवलेली रचनाही मिळते, तिच्यात शेवटचा बाक बराच सुधारतो, पण मधल्या भागाची रुंदीही तेवढी कमी होते. लहान खोलीत आठ-दहा मुलांना शिकवणाऱ्याला मी ती नक्की देईन.

माळावरचा_वड

मी इथे ठाम आहे. मागच्या बाकावरच्या पोराला समजलं की नाही हे त्याच्या कपाळावरून कळतं. ते मऊ दिसून चालणार नाही.

कीबोर्डकर

सर, पाव नंबराने माणसाचा चेहरा ओळखू येत नाही असं होत नाही.

माळावरचा_वड

ओळखू येण्याबद्दल मी बोलतच नाहीये. गोंधळलेलं पोर आणि नुसतं ऐकणारं पोर यांतला फरक दिसला पाहिजे.

रेखावृत्त

प्रयोग केला. चष्म्याशिवाय टिपण लख्ख दिसतं! खडूचं टोकही दिसतं, किंचित मागे झुकले तर आणखी स्वच्छ. वर्गाकडे वळले की चेहरे पुसट. वह्यांच्या अंतरावर मात्र बिनचष्म्याचं वाचताना ताण येतो.

दृक्_साधक

मग तुमचं काम सोपं झालं. तुमचा नंबर -१.२५, म्हणून उघड्या डोळ्याला ८० सेंमीपर्यंत स्पष्ट दिसतं. जवळच्या बाजूला डोळ्याचा अर्धा धरला तर साधारण ५७ सेंमीपर्यंत आरामात. टिपणं यात बरोबर बसतात, खडू अगदी काठावर आहे. झुकल्यावर सुधारलं ते म्हणूनच.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, वर्गासाठी वेगळा बायफोकल करायचा आणि त्यात ॲडिशन २ ऐवजी १.२५ घ्यायचं. -१.२५ मध्ये १.२५ मिळवले की खालच्या खिडकीचा नंबर शून्य होतो आणि आज उघड्या डोळ्याने जे दिसलं तेच तिच्यातून दिसेल. काच करण्याआधीच तुम्ही ती वापरून बघितली, असं क्वचित घडतं. वह्या तपासायला आत्ताचा चष्मा राहू द्या. फळ्यावर सलग बरंच लिहायचं असेल तेव्हा चष्मा डोक्यावर सरकवा आणि वळताना खाली घ्या. मान वर करून खिडकीतून लिहू नका, मान त्यानेच धरते.

दुसरी वाट प्रोग्रेसिव्हची. वर लांबचं आणि खाली पूर्ण २, त्यामुळे वह्याही त्याच चष्म्यावर होतील. पण टिपणांचं अंतर मधल्या पट्टीत येतं आणि काचेचा सगळ्यात अरुंद भाग तोच. ओळीच्या टोकापर्यंत डोळा नेण्याऐवजी नाक न्यावं लागेल. पट्टी लांब असलेली रचना मागा, तिच्यात मधला भाग जरा मोकळा मिळतो. त्यासाठी फ्रेमची उंची ३० मिमीच्या आसपास तरी हवी, अरुंद फ्रेममध्ये ती मावत नाही. आणि फळ्यावरचं लिहिणं डोळ्यासमोर, म्हणजे लांबच्या भागातून होतं. तिथे प्रोग्रेसिव्हही तुम्हाला बायफोकलहून जास्त काही देणार नाही.

सागरगोटा

पण सवयीने जमतं ना शेवटी?

दृक्_साधक

बाजूचं डुलणं सवयीने जातं. माप चुकलं असेल तर ते सवयीने जात नाही. नव्या काचेवर शाईची खूण असते, ती पुसण्याआधी चष्मा घालून ताठ उभं राहायचं आणि समोरच्याला बघायला सांगायचं. फुली बाहुलीच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. घरी आल्यावरही कळतं. शेवटचा बाक हनुवटी खाली घेतल्यावरच स्पष्ट होत असेल तर काच वर बसली आहे. टिपणांसाठी हनुवटी फार उचलावी लागत असेल तर खाली बसली आहे. ही तक्रार घेऊन लगेच परत जायचं, पंधरा दिवस थांबायचं नाही.

वेलांटी

मध्येच विचारते. मी प्राथमिकला शिकवते, नंबर -३. मलाही १.२५ चं ॲडिशन चालेल का?

दृक्_साधक

ॲडिशन अंतरावर आणि वयावर ठरतं, तुमच्या -३ वर नाही. त्यामुळे चालूही शकेल, पण मोजपट्टीशिवाय सांगणार नाही. प्राथमिकला तुम्ही सतत मुलांच्या वहीवर वाकत असाल, तिथलं अंतर वेगळं. चष्मा काढून लिहिण्याची युक्ती मात्र तुम्हाला नाही चालणार. -३ ला उघड्या डोळ्याने ३३ सेंमीच्या पुढे धूसरच दिसतं.

रेखावृत्त

सर्वांचे मनापासून आभार. आधी सरांची घडवंची करून बघते आणि सोबत कमी ॲडिशनचा बायफोकल टाकते. दृक्_साधक, एकच शंका राहिली. फळ्यासमोरच्या ओट्याला एक पायरी आहे. सध्या उतरताना खिडकीतून ती पायरी तरंगल्यासारखी दिसते, मी चाचपडत उतरते. नव्या काचेत हे जाईल?

दृक्_साधक

कमी होईल, पूर्ण जाणार नाही. पाऊल डोळ्यापासून दीड मीटरभर लांब असतं आणि १.२५ ची खिडकी ८० सेंमीपर्यंतच स्पष्ट दाखवते. पण २ पेक्षा धूसरपणा बराच कमी असेल, आणि खिडकीच्या रेघेवर वस्तू उडी मारल्यासारखी दिसते ती उडीही लहान होईल. खिडकीची वरची कड खालच्या पापणीच्या रेषेपेक्षा एक-दोन मिमी खाली ठेवायला सांगून बघा. टिपणांसाठी नजर जरा जास्त उतरवावी लागेल, पण वर्गात फिरताना खिडकी मध्ये येणार नाही.

माळावरचा_वड

पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून घ्या. आमच्या शाळेत मारला होता.

रेखावृत्त

सर, शिपाईकाकांना उद्याच सांगते. चष्मा आला की इथे लिहीनच. खिडकी खाली ठेवल्यावर टिपणं कशी वाचता येतात ते मलाही बघायचंय.