अझुल: दुसऱ्याच्या गळ्यात फरशा मारणं हा खडूसपणा की खेळ?

मूळ पोस्ट (शांतखेळाडू): अझुल हा छान नक्षी जमवायचा खेळ आहे. पण काही लोक स्वतःची भिंत सोडून समोरच्याच्या फ्लोअर लाइनवर, म्हणजे ओळीत न मावलेल्या फरशांच्या मायनस पट्टीवर, कचरा कसा पडेल एवढंच बघतात. शनिवारी आमच्याकडे एकानं हेच केलं, सगळ्यांचा मूड गेला. असल्यांना बोलवूच नये.

फरशीवाला: मायनसची पट्टी बोर्डवरच छापलेली आहे हो, शनिवारच्या पाहुण्यानं घरून आणलेली नाही. -1, -1, -2, -2, -2, -3, -3, म्हणजे भरली तर 14 गुण गेले. ही भीती काढली की उरतं रंग जुळवणं.

दोघांच्या डावातला एक शेवट सांगतो. एकच फॅक्टरी, म्हणजे फरशा उचलायची चकती, उरलीय, तिच्यावर 2 निळ्या, 2 लाल. मध्ये 3 लाल. चाल माझी. माझ्या पाचव्या ओळीत 3 लाल आहेत, 2 हव्यात, आणि बाकी कुठल्याच ओळीत लाल चालत नाही. समोरचीला लाल ठेवायला जागाच नाही. निळ्या दोघांनाही चालतात.

हात आपसूक फॅक्टरीवरच्या 2 लाल उचलायला जातो. ओळ भरते, पण निळ्या मध्ये सरकतात. ती निळ्या उचलते आणि मधल्या 3 लाल माझ्या फ्लोअरवर, -4. मधल्या 3 आधी घेतल्या तरी सुटका नाही: एक जास्तीची लगेच खाली पडते, ती निळ्या घेते, उरलेल्या 2 लाल पुन्हा मलाच. तेही -4.

आता मी निळ्या घेतो. फॅक्टरीवरच्या लाल मधल्या लालमध्ये मिसळतात, 5 चा एकच ढीग होतो आणि तो तिलाच उचलावा लागतो. -8. माझ्या 3 लाल ओळीत तशाच राहतात, पुढच्या फेरीत बघू. यात खडूसपणा कुठे आहे? शेवटचा ढीग कोणाच्या वाट्याला येतो ते मोजलं, एवढंच.

शांतखेळाडू: छान गणित. ओळ तुमची भरली नाही हे मात्र हळूच पुढे ढकललंत. आणि आम्ही चौघं होतो, दोघं नाही.

नागपूरची_मीनू: मी मधल्यातून पहिली कधीच घेत नाही, पहिल्या नंबरचं टोकन आलं की फुकटचा -1.

फरशीवाला: मीनूताई, त्या -1 मध्ये पुढच्या फेरीत भरलेल्या फॅक्टऱ्यांवर पहिला हात तुमचा असतो. ते स्वस्तच आहे. फक्त टोकन पट्टीवर जागा अडवतं, त्यामुळे नंतर पडणारी फरशी महाग पडते, हे तुमचं बरोबर.

आईसाहेब७८: आमच्याकडे मुलगा रडायला लागला म्हणून मायनस माफ करून टाकलं. आता सगळे आनंदात.

पत्तेबाज: मग तो अझुल राहिलाच नाही! मायनस नाही तर मधला सात फरशांचा ढीग कोण सोडेल? रमीत समोरच्याला लागणारं पान टाकायचं नाही, हे आमच्याकडे पोरं शाळेत जायच्या आधी शिकायची.

आईसाहेब७८: तुमच्या घरी शिकायची. माझा सहा वर्षांचा आहे. डब्यावर 8+ लिहिलंय, मलाही वाचता येतं.

पत्तेबाज: मग आठ होईपर्यंत थांबायचं. नियम कापून कशाला खेळवायचं?

आईसाहेब७८: पावसात चार दिवस घरात कोंडलेलं पोर सांभाळा, मग सांगा.

नागपूरची_मीनू: आमच्याकडे लहानांना एका फेरीपुरतं -4 च्या खाली नेत नाही. ढीग मोजायला शिकतात, रडतही नाहीत.

पत्तेबाज: हे त्यातल्या त्यात बरं. तरी माफीच ती.

गप्पबसा: फरशीवाले, तुमच्या -8 बद्दल बोला जरा. त्या फेरीची भिंत मोजून झाल्यावर तिचे 3 च गुण असतील तर? गुण शून्याखाली जात नाहीत. मग -8 काय आणि -3 काय, दोन्ही सारखेच. पहिल्या फेरीत कोणावर ढीग लादायला जाणं म्हणजे हवेत काठी फिरवणं. तिथं मी खुशाल ओळ भरून -4 घेईन, कारण तेव्हा माझेही गुण नसतातच. भिंतीवरची फरशी मात्र शेवटपर्यंत शेजारच्यांना गुण देते.

फरशीवाला: मी डावाचा शेवट असं कुठं म्हटलं?

गप्पबसा: सुरुवात असंही नाही म्हटलंत.

फरशीवाला: बरं बाबा. पहिल्या फेरीत तुमचं खरं. चौथीत विचारा मग.

शांतखेळाडू: आणि चौघांत? एकाला -8 पाडायला मी माझी चाल घालवली तर उरलेल्या दोघांना ते फुकट मिळतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं, पाडणारा तिसरा आला.

फरशीवाला: म्हणजे तो खडूस नव्हता, कच्चा होता. चौघांत पुढच्यालाच लागणारा रंग दोन चाली सारख्याच फायद्याच्या असतील तेव्हाच अडवायचा.

शांतखेळाडू: कच्चा आणि खडूस. बोलवणार नाहीच.

पत्तेबाज: पुढच्या शनिवारी मी येतो. मायनससकट.