मदत हवी आहे: फोटो कार्डवर टाकले, डिलीटही केले, तरी आईच्या फोनमध्ये जागा नाहीच

कळव्याची_मनीषा
आईचा 32 जीबीचा अँड्रॉइड 11. लोकलच्या तिकिटासाठी ॲप टाकायचंय, जेमतेम 40 एमबीचं. फोनमध्ये 420 एमबी मोकळे दिसतात, तरी प्ले स्टोअर जागा नाही म्हणतं! काल गॅलरीतले 3 जीबी फोटो कार्डवर कॉपी केले, उघडून बघितले, मग फोनमधले उडवले. आकडा तसूभर हलला नाही. आई म्हणते, राहू दे, मी आपली खिडकीवर उभी राहीन.

ऐरोलीचा_बंड्या
सोप्पंय. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या ॲप्सचं Clear storage मारा.

खाडीकाठ
बंड्या, अरे थांब! व्हॉट्सॲपवर ते मारलंस तर बॅकअप नसताना आईच्या सगळ्या चॅट्स जातील. Clear cache चालेल, पण कॅश वापरता वापरता परत भरते. त्याने आजचा दिवस निघतो, इतकंच.

मनीषाताई, 420 असूनही नाही म्हणतो कारण फोन स्वतःसाठी साधारण 500 एमबी राखून ठेवतो. शिवाय 40 एमबीचं ॲप बसताना त्याहून जास्त जागा खातं.

फोटोंचं म्हणाल तर ते अजून फोनमध्येच आहेत. गॅलरीतून उडवलेलं आधी Trash मध्ये जातं आणि बहुतेक फोनवर 30 दिवस तिथेच पडून राहतं. कार्डवरचे फोटो नीट उघडतायत ना? मग Trash रिकामं करा.

त्यानंतर फाइल मॅनेजरमध्ये हे फोल्डर बघा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
```

आईने पाठवलेले व्हिडिओ इथे साठतात आणि गॅलरीत दिसत नाहीत, म्हणून कुणाचं लक्षच जात नाही. कार्डवर हलवा. मात्र चॅटमधून ते मग उघडणार नाहीत.

वाशी_ते_ठाणे
मी कार्डच फोनची मेमरी म्हणून फॉरमॅट केलं होतं. ॲप्सही त्यावर गेली, मज्जा. फोन बंद पडला तेव्हा कार्ड लॅपटॉपला लावलं, तर काहीच वाचता येईना. दोन वर्षांचे फोटो गेले.

खाडीकाठ
तसं फॉरमॅट केलेलं कार्ड त्या एकाच फोनला बांधलं जातं, सगळं कूटबद्ध असतं. म्हणून फोटोंसाठी कार्ड साधंच ठेवावं. बऱ्याच कंपन्या ती सोय देतही नाहीत.

कळव्याची_मनीषा
Trash मध्ये 2.9 जीबी होते! Sent मध्ये आणखी 1.1, त्यात एकच गणपतीची आरती अकरा वेळा. ॲप बसलं. ते कार्डवर हलवायला गेले, पण तसं बटणच दिसत नाही.

खाडीकाठ
ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली नसेल तर दिसत नाही. राहू दे फोनमध्येच, 40 एमबीने काही अडत नाही.

ऐरोलीचा_बंड्या
माझ्या कार्डवर 128 जीबी लिहिलंय, पण काही दिवसांपासून नवे फोटो टाकले की करडे चौकोन दिसतात. स्टेशनबाहेरून घेतलं होतं. कॅश उडवू का?

खाडीकाठ
कॅशचा काय संबंध? आधी कार्डवरचं जे उघडतंय ते काढून घे. कार्ड कितीला घेतलंस, ते सांग.