मदत हवी आहे : ज्योतिषीबाईंच्या मेलनुसार जन्मतपशील जमवताना तीन कागदांवर तीन गोष्टी

कोरा_कागद :

पुढच्या आठवड्यात मी प्रथमच एका ज्योतिषीबाईंचा सल्ला घेणार आहे. भेटीपूर्वी काय जमवून ठेवावे याविषयी त्यांचा सविस्तर मेल आला. माझी अडचण त्यातल्या एका वाक्यापाशी आहे, म्हणून मेलचा संबंधित भाग त्यांच्या परवानगीने देतो.

"जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ कळवताना प्रत्येक माहिती कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या आठवणीतून घेतली, ते स्वतंत्रपणे लिहावे. जन्मस्थळ म्हणजे मूळ गाव नव्हे. प्रत्यक्ष प्रसूती जिथे झाली ते ठिकाण हवे. जन्म मध्यरात्र ते सूर्योदय या काळात झाला असल्यास ती कोणत्या दोन तारखांमधली रात्र होती, ते स्पष्ट करावे. जन्मदाखला, रुग्णालयाचे प्रसूतीच्या वेळचे कार्ड आणि जुनी हस्तलिखित पत्रिका असल्यास तिची सर्व पाने, मागील बाजूसह, छायाचित्र काढून पाठवावीत. कागदांमध्ये विसंगती आढळली तर ती आपण होऊन दुरुस्त करू नये. सोबत आयुष्यातील सहा ते आठ ठळक घटना महिना व वर्षासह लिहाव्यात. ओळखपत्राचे क्रमांक मात्र पाठवू नयेत. त्यांचा उपयोग नाही."

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. जन्मदाखल्यावर १५ तारीख आहे, वेळ नाही. रुग्णालयाच्या कार्डावर १४ तारीख आणि '१२.५०' इतकेच आहे. रात्र की दिवस, याचा उल्लेख नाही. आई म्हणते, "बुधवारी रात्री, साडेबारा-एकचा सुमार होता." जुन्या पत्रिकेत कृष्ण सप्तमी, बुधवासरे, 'श्रीसूर्योदयात् गतघटी ४६ पळे १५' असे आहे. त्यात सिंह लग्न, कर्क रास, पुष्य नक्षत्राचा तिसरा चरण दाखवला असून शनीची महादशा ६ वर्षे ४ महिने भोग्य आहे. कार्डावरची १४ तारीख आणि 12:50 AM ही वेळ मी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये घातली, तर ते मिथुन रास आणि पुनर्वसू नक्षत्र दाखवते. म्हणजे पत्रिका चुकली की कार्ड? आणि विसंगती दुरुस्त करायची नाही, तर 'कोणती रात्र' या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचे तरी कसे?

महिना आणि वर्ष जाणूनबुजून दिलेले नाही.

रानपाखरू :

हा पंचांगांचा फरक असणार. तुमची पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली असेल. त्याचे अयनांश रैवतपक्षाचे असतात आणि ॲपचे चित्रापक्षाचे, त्यामुळे चंद्र सुमारे ४ अंश पुढे दिसतो आणि नक्षत्र बदलते. आमच्या घरी दोन भावांच्या पत्रिकांमध्ये नेमका हाच घोळ झाला होता. मेलमध्ये 'पत्रिका कोणत्या पंचांगावरून केली आहे' एवढे लिहून द्या.

वाळूचे_घड्याळ :

तसे नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. रात्री पाऊण वाजता जन्म झाला तर वार बुधवारच राहतो, म्हणून तारीखही १४च धरायची. दाखल्यावरची १५ ही सरकारी तारीख झाली. ज्योतिषाला १४च कळवा आणि ॲपमध्येही १४च ठेवा.

उत्तररात्र :

मी बरीच वर्षे पत्रिका हाताने मांडल्या आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. वरच्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण निष्कर्ष दोन्हीकडे घसरला आहे.

आधी पत्रिकेतली वेळ उलगडू. ६० घटींचा एक अहोरात्र, म्हणजे एक घटी २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचे. ४६ घटी १५ पळे म्हणजे १८ तास ३० मिनिटे. ही मोजणी बुधवारच्या सूर्योदयापासून आहे. तुमच्या जन्मस्थळी त्या दिवशी सूर्योदय किती वाजता होता, ते कोणत्याही पंचांगाच्या संकेतस्थळावर पाहता येईल. तो सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान कुठेही असला, तरी बेरीज बुधवारची मध्यरात्र ओलांडून पाऊण ते सव्वाच्या घरात जाते. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने तो गुरुवार. आता गुरुवारी १४ तारीख होती की १५, एवढेच दिनदर्शिकेत पाहा.

वाळूचे_घड्याळ, वाराविषयी तुमचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या पत्रिकेत 'बुधवासरे' असणे हे अगदी रीतसर आहे. परंतु तारीख मध्यरात्री बदलते आणि ॲप तारीखच विचारते, पंचांगाचा वार विचारत नाही. १४ तारीख घालून 12:50 AM लिहिले, की ॲप आदल्या रात्रीची, म्हणजे पंचांगाच्या मंगळवारच्या रात्रीची कुंडली मांडते. चंद्र एका दिवसात सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक चालतो आणि नक्षत्र असते १३ अंश २० कलांचे. एक दिवस मागे गेल्यावर पुष्याच्या जागी पुनर्वसू येणारच, आणि तिथीही सप्तमीऐवजी षष्ठी दिसेल. ती दिसते का, ते पाहा.

रानपाखरू, अयनांशांचा मुद्दा खरा आहे, पण ४ अंशांनी चरण बदलतो, फार तर नक्षत्राची सीमा ओलांडली जाते. पुनर्वसूच्या तिसऱ्या चरणातून पुष्याच्या तिसऱ्या चरणात जायला १० अंशांहून जास्त लागतात. शिवाय तिथीला अयनांश लागतच नाहीत, कारण ती सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते. म्हणून अशा वादात मी नक्षत्राआधी तिथी पाहतो.

कोरा_कागद :

दिनदर्शिका पाहिली. १४ला बुधवार, १५ला गुरुवार. जन्मस्थळाचा सूर्योदय ६ वाजून २२ मिनिटांचा निघाला, म्हणजे पत्रिकेप्रमाणे गुरुवारी पहाटेआधी १२ वाजून ५२ मिनिटे. ॲपमध्ये १५ तारीख घातल्यावर कृष्ण सप्तमी, कर्क रास, पुष्य तिसरा चरण, सिंह लग्न असे सगळे जुळले. १४ घातल्यावर तिथी खरोखरच षष्ठी येते. मग कार्डावर १४ का असावी? आणि तो १२.५० दुपारचा नव्हता, हे आईच्या आठवणीशिवाय कशावरून सिद्ध होते?

उत्तररात्र :

दुपारची शंका पत्रिकेतल्या रवीवरून मिटते. सूर्योदयाच्या वेळी रवी लग्नाजवळ असतो, दुपारी दहाव्या स्थानाजवळ, सूर्यास्ताला सातव्याजवळ आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौथ्याजवळ. मध्यरात्र टळली की तो तिसऱ्याकडे सरकतो. तुमच्या पत्रिकेत रवी कुठे आहे?

कार्डाचे कारण प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणी सांगावे.

कोरा_कागद :

रवी तुळेत, तिसऱ्या स्थानी.

उत्तररात्र :

मग रात्रच. दुपारी १२.५० असते तर लग्न समोरच्या राशीत, कुंभेच्या आसपास आले असते आणि रवी नवव्या-दहाव्यात बसला असता.

सुईदोरा :

मी परिचारिका होते. दाखल केल्याची तारीख कार्डावर वर लिहिलेली असे आणि प्रसूतीची वेळ खालच्या ओळीत भरली जाई. संध्याकाळी दाखल झालेल्या बाईची प्रसूती मध्यरात्रीनंतर झाली की वरची तारीख तशीच राहायची. तुमच्या कार्डावरची १४ दाखल होण्याची आहे का, ते रकान्याचे शीर्षक वाचून पाहा. वेळेबद्दलही सांगते. आम्ही बाळ पूर्ण बाहेर आल्याची वेळ लिहायचो, पण ती लिहायची आधी बाळाकडे पाहून झाल्यावर. भिंतीवरचे घड्याळ दोन-चार मिनिटे पुढे-मागे असले तर ते कोणाच्या लक्षातही येत नसे. १२.५० सारखे गोल आकडे मला तरी 'सुमारे' या अर्थाचेच वाटतात.

शेवंती :

विषयाला धरूनच माझाही प्रश्न आहे. माझे वडील १९४४चे. त्यांच्या वहीत आजोबांनी 'सकाळी ७ वाजून १० मिनिटे' असे लिहून ठेवले आहे. युद्धकाळात घड्याळे पुढे केली होती म्हणतात. मग वेळ तशीच पाठवायची, की तास वजा करून?

उत्तररात्र :

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतात घड्याळ एक तास पुढे होते, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढे. तरीही तुम्ही वजाबाकी करू नका. 'वहीतली नोंद, घड्याळाची वेळ ७.१०, वजाबाकी केलेली नाही' असे लिहा. तुम्ही तास वजा केला आणि समोरच्याच्या संगणकानेही केला, तर लग्न खऱ्या वेळेपेक्षा एका तासाने, म्हणजे सुमारे अर्ध्या राशीने मागे जाईल. दुरुस्ती करू नये हे मेलमधले वाक्य याचसाठी आहे. दोनदा दुरुस्त झालेली वेळ नंतर ओळखणे फार अवघड जाते.

शेवंती :

पण आजोबांनी तेव्हाच तास वजा करून लिहिले असेल तर?

उत्तररात्र :

ते वहीवरून कळणार नाही. त्या काळात केलेली पत्रिका सापडली आणि तिच्यात घटी-पळे असली, तर सूर्योदयावरून उलट हिशेब करून पाहता येईल.

वाळूचे_घड्याळ :

तारखेबाबत माझी चूक मान्य. पण कोरा_कागद यांच्या बाबतीत १२.५० आणि १२.५२ यांतला फरक उरतोच. त्यातले कोणते कळवायचे?

उत्तररात्र :

दोन्ही. दोन मिनिटांत लग्न साधारण अर्धा अंश सरकते. शनीच्या १९ वर्षांच्या महादशेत जन्मवेळचा भोग्य काळ नऊ-दहा दिवसांनी बदलतो. वेळ अर्ध्या तासाने चुकली असती, तर हाच फरक साडेचार-पाच महिन्यांवर गेला असता. नवमांश लग्न मात्र साधारण १३ मिनिटांत बदलते, म्हणून आपण त्याच्या सीमेजवळ आहोत का, हे त्या बाई पाहतीलच. घटनांची यादी त्याचसाठी मागितली असावी.

रानपाखरू :

त्या यादीबद्दलच मला खटकते. विवाह, नोकरी, घरातला मृत्यू हे सारे आधीच लिहून दिल्यावर ज्योतिषाने सांगायचे काय उरले? मी तर काहीच देत नाही.

सुईदोरा :

वेळ नक्की असेल तर तुमचे पटते. वेळ संशयास्पद असताना ती कशाशी ताडून पाहणार?

उत्तररात्र :

मी स्वतः चार घटना मागतो आणि जातकाला उरलेल्या चार झाकून ठेवायला सांगतो. पहिल्या चारांवरून वेळ ठरवली की मग दुसऱ्या चारांवर ती टिकते का, ते त्याच्यासमोर पाहता येते. सगळेच ज्योतिषी याला राजी नसतात. मात्र घटना निवडताना महिना खात्रीने ठाऊक असलेल्याच घ्या.

कोरा_कागद :

कार्ड पुन्हा पाहिले. १४ ही तारीख 'दाखल' या रकान्यातच आहे. प्रसूतीच्या रकान्यात फक्त वेळ आहे. मेलचे उत्तर असे लिहिले आहे : "दाखला : १५, वेळ नाही. कार्ड : दाखल १४, प्रसूती १२.५०, रात्र-दिवस लिहिलेले नाही. पत्रिका : बुधवासरे, गतघटी ४६-१५. आई : बुधवारी रात्री साडेबारा ते एक. माझ्या समजुतीप्रमाणे १४ आणि १५ यांमधली रात्र; मूळ कागदांची छायाचित्रे सोबत आहेत." घटना सध्या चारच लिहिल्या आहेत. उरलेल्या चार झाकून ठेवल्या तर चालतील का, हे त्यांनाच विचारले आहे. उत्तर आले की इथे कळवतो.