प्रतिसाद: झोपेत ऑक्सिजनचा आकडा उशिरा का पडतो?

> "बाबांचं घोरणं थांबतं तेव्हा ऑक्सिमीटर ९५ दाखवतो, श्वास सुरू झाल्यावर मात्र ८४. मशीन बिघडलंय का?"

बहुधा नाही. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, शिवाय मशीन काही सेकंदांची सरासरी दाखवतं. त्यामुळे आकडा मागाहून पडतो.

झोपेत श्वास थांबतो तो बहुधा असा: जिभेमागच्या घशाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायू तो उघडा धरतात. झोपेत ते सैलावतात आणि श्वास ओढताना घसा आतल्या आत चिकटतो. छाती हलत राहते, हवा जात नाही. फुप्फुसातला ऑक्सिजनचा साठा संपत जातो. आकडा नव्वदीखाली गेला की तर घसरण झपाट्याने होते. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा घोरका येतो. पुन्हा डोळा लागला की तेच चक्र. बाबा उताणे झोपत असतील तर जीभही मागे पडते. निदानासाठी मात्र स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणारी तपासणीच करा.