पुणे, मुंबईनंतरची दोन टिंबं

«एकेक नोंद वाचली, तरी ग्रंथसूचीत विरामचिन्हांच्या चुका राहतात.»

विसर्ग आणि अपूर्णविराम यांतला फरक डोळ्यांनी वाचून सहसा सापडत नाही. मराठी कळफलकावर ‘पुणेः’, ‘मुंबईः’ असं विसर्गानं टंकलं जातं आणि छापल्यावर ते जवळजवळ ‘पुणे :’ सारखंच दिसतं. म्हणून शोधचौकटीत नुसता ‘ः’ टाका आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. प्रकाशनस्थळ किंवा लेखकाच्या नावापुढे तो आला, तर तिथे ‘:’ हवा. सरसकट ‘सगळे बदला’ मात्र करू नका, नाहीतर शीर्षकातल्या ‘दुःख’, ‘स्वतः’ यांचे विसर्ग जातील. मग उलट ‘:’ शोधा, कारण ‘दु:ख’ असं लिहिलेलंही भरपूर सापडतं. अपूर्णविरामाआधीची मोकळी जागाही याच फेरीत सारखी करता येते.